पोट कुरतडतं, मळमळतं आणि अर्ध्या भाकरीत भरतं, ते कशानं?

*डॉक्टर, माझं वय ४१. वर्षभर छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात कुरतडल्यासारखं दुखतंय. रात्री नऊला जेवलं की दीड-दोनला दुखण्यानं जाग येते. कपभर दूध प्यायलं की थांबतं, पहाटे पुन्हा सुरू. सकाळी चहाच्या वासानंही मळमळतं. जेवायला बसलं की अर्ध्या भाकरीत पोट गच्च होतं. मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणून घेते. घेते तोवर बरं, सोडली की परत तेच. सहा महिन्यांपूर्वी शौचाची तपासणी केली तेव्हा जंतू नाही असं आलं. आता दुर्बिणीनं तपासलं तर म्हणाले, जठराला सूज आहे, अल्सर नाही, पण जंतू आहे. चौदा दिवसांच्या ढीगभर गोळ्या दिल्यात. ॲसिडनं पोट जळतं हे समजतं, पण एक जंतू दुखणं, मळमळ आणि लगेच पोट भरणं हे सगळं कसं करतो? आणि आधी तो दिसला का नाही?*
*— एक वाचक, सोलापूर जिल्हा*

ताई, तुमच्या रिपोर्टवर ‘एच. पायलोरी’ हे नाव असेल आणि त्याच्या आसपास ‘आरयूटी पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं असेल. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पीळ पडलेल्या अंगाचा, शेपट्या असलेला जंतू. तो मुख्यतः माणसाच्या जठरात सुखानं नांदतो. आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात तो असतो. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून मिळतो आणि औषधानं घालवला नाही तर जन्मभर राहतो. त्यामुळे मागच्या महिन्यात जत्रेत काय खाल्लं होतं ते आठवत बसू नका. तिखटानंही तो येत नाही. तिखट खाल्ल्यावर तुम्हाला जळजळतं, ते आधीच सुजलेल्या अस्तरावर तिखट पडतं म्हणून.

आधी तो तिथं टिकतो कसा ते पाहू, कारण पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ तिथंच आहे. जठरातलं ॲसिड एवढं तीव्र असतं की अन्नाबरोबर गेलेले बहुतेक जंतू त्यात मरतात. मग जठराची स्वतःची भिंत का जळत नाही? तर भिंतीवर भेंडीच्या बुळबुळीसारखा चिकट थर असतो आणि भिंतीतून त्यात सतत खाण्याच्या सोड्यासारखाच क्षार पाझरत असतो. थराच्या वरच्या बाजूला कडक ॲसिड आणि तळाशी, भिंतीला लागून, जवळजवळ साधं पाणी, असा फरक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीत पडलेला असतो. या जंतूला पोहोचायचं असतं ते या तळाशी. तिथं जाईपर्यंत तगून राहण्यासाठी त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं. आपल्या रक्तातला थोडा युरिया जठरात पाझरतोच. त्या युरियाचे तुकडे करून जंतू अमोनिया बनवतो, अमोनियानं स्वतःभोवतीचं ॲसिड मारतो आणि शेपट्या हलवत बुळबुळीत घुसतो.

दुर्बिणीच्या वेळी डॉक्टरांनी हीच गोष्ट डोळ्यांनी पाहिली. जठराच्या खालच्या भागातून चिमट्यानं दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा काढतात आणि तो युरिया घातलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. तुकड्यात जंतू असेल तर युरियाचा अमोनिया होतो आणि पिवळ्याचं गुलाबी होतं, कधी काही मिनिटांत, कधी काही तासांत. रिपोर्टवरचं ‘आरयूटी’ म्हणजे हीच तपासणी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. हा जंतू भिंत कुरतडत नाही. तो तिच्या आत खोलवर शिरतही नाही. बहुतेक जंतू बुळबुळीतच राहतात, काही अस्तराच्या पेशींना चिकटतात. अमोनिया आणि जंतूची इतर रसायनं त्या पेशींना डिवचतात. काही जातीचे जंतू तर आपलं एक प्रथिन थेट पेशीच्या आत ढकलतात. डिवचलेली पेशी मदतीला बोलावते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतीत जमा होऊ लागतात. अडचण अशी, की जंतू बसलाय भिंतीच्या बाहेर, बुळबुळीत, आणि पांढऱ्या पेशी जमल्यात भिंतीच्या आत. त्या जी जहाल रसायनं सोडतात त्यांनी जंतूचं फार बिघडत नाही, तुमच्या अस्तराचं मात्र बिघडतं. जंतू हटत नाही म्हणून पांढऱ्या पेशीही हटत नाहीत. हे वर्षानुवर्षं चालू राहतं. रिपोर्टवर ‘गॅस्ट्रायटिस’ म्हणतात ते हे. म्हणजे दुखणं, मळमळ आणि गच्चपणा हे जंतूचे तीन वेगळे उद्योग नाहीत. सुजलेलं अस्तर एकच, ते तीन वाटांनी तक्रार करतंय.

हे सगळं केवळ ॲसिडमुळे होत नाही, याचा सगळ्यात चांगला पुरावा एका डॉक्टरानं स्वतःच्या पोटावर मिळवलाय. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तणाव आणि ॲसिड यांनीच अल्सर होतो असं मानण्याचा तो काळ, त्यामुळे फारसं कुणी ऐकेना. १९८४ मध्ये मार्शलनं आधी दुर्बिणीनं स्वतःचं जठर तपासून घेतलं, ते ठीक होतं, आणि मग जंतूंचं दाट पाणी चक्क पिऊन टाकलं. पुढच्या आठवड्याभरात त्याला जेवणानंतर पोट भरून आल्यासारखं वाटू लागलं, भूक गेली, तोंडाला घाण वास येऊ लागला आणि सकाळी सकाळी उलट्या सुरू झाल्या. पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा अस्तर सुजलेलं होतं आणि त्यावर जंतू होते. गंमत म्हणजे उलटीत पडत होतं ते पाणी, त्यात ॲसिड नव्हतंच. नव्या संसर्गात सूज ॲसिड बनवणाऱ्या पेशींनाच काही काळ मंद करते. म्हणजे मळमळ आणि गच्चपणा पुरेपूर, ॲसिड मात्र नाही! वॉरन आणि मार्शल यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. तसला प्रयोग घरी करू नये, हे सांगायला नको.

तुमचं पोट मात्र मार्शलच्या त्या आठवड्यासारखं नाही. तुमचा संसर्ग बहुधा जुना आहे आणि जुन्या संसर्गात ॲसिडचं गणित उलटं फिरू शकतं. जठराचा खालचा, आतड्याकडे उघडणारा भाग सगळ्यात आधी सुजतो. तिथं दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी असतात: एक गॅस्ट्रिन सोडून ‘ॲसिड बनवा’ म्हणते, दुसरी तिला आवरते. सुजेनं आवरणारी दुबळी पडते, गॅस्ट्रिन वाढतं आणि जठराच्या वरच्या, अजून शाबूत असलेल्या भागातून गरजेपेक्षा जास्त ॲसिड झरतं. सूज वरपर्यंत पसरलेल्या माणसात हेच ॲसिड कमी होतं. एकाच जंतूचे दोन माणसांत दोन उलटे परिणाम होतात, ते त्यामुळे.

रात्री दीड-दोनचं दुखणं इथं नीट बसतं. नऊला जेवलात की अन्न ॲसिडला आपल्यात सामावून घेतं आणि अस्तराला थोडी उसंत मिळते. तीन-चार तासांत जठर रिकामं होतं, पण ॲसिड सुटणं थांबत नाही. उलट रिकाम्या पोटी सुटणारं ॲसिड रात्री दहा ते दोनच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. रिकाम्या जठरात ते ॲसिड सुजलेल्या अस्तराला जाऊन भिडतं. निरोगी माणसाला याची जाणीवही होत नाही. तुमच्या बाबतीत बुळबुळीचा थर पातळ झालेला आणि अस्तराखालच्या मज्जातंतूंची टोकं सुजेतल्या रसायनांनी हळवी झालेली. जे एरवी मेंदूपर्यंत पोहोचलंही नसतं ते आता दुखणं म्हणून पोहोचतं. जठराच्या नसा त्वचेच्या नसांसारखं नेमकं बोट ठेवून सांगू शकत नाहीत. म्हणून दुखणं टोचल्यासारखं एका जागी होत नाही, तर छातीच्या हाडाखाली मधोमध, खोलवर, कुणीतरी आतून कुरतडतंय अशा संथ कळा येतात. दूध प्यायलं की ॲसिड तात्पुरतं मरतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम ॲसिडला पुन्हा चेतवतात. म्हणून दोनला प्यायलेलं दूध पहाटेच्या दुखण्याची तजवीज करून ठेवतं. थंड दुधाची कीर्ती आपल्याकडे फार आहे, तिला इतकं मोल देऊ नका.

खाल्ल्यावर थांबणारं आणि झोपेतून उठवणारं असं दुखणं लहान आतड्याच्या तोंडाशी झालेल्या अल्सरमध्येही येतं. त्यामुळे दुर्बीण केली हे बरंच झालं. लक्षणांवरून नुसती सूज आणि अल्सर यांतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. एक विचारून ठेवते: गुडघ्यासाठी किंवा डोकेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेता का? जंतू आणि त्या गोळ्या ही अल्सरची दोन मोठी कारणं आहेत. घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा.

मळमळीचा रस्ता वेगळा. जठरापासून मेंदूच्या बुडापर्यंत व्हेगस नावाची मोठी नस जाते. तिच्यातले बरेचसे तंतू वरून हुकूम खाली आणण्याऐवजी पोटाची खबर वर नेण्याचं काम करतात. अस्तर चिडलं की तिथल्या काही पेशी सिरोटोनिन सोडतात, व्हेगसची टोकं ते टिपतात आणि मेंदूच्या बुडाशी असलेलं उलटीचं केंद्र सावध होतं. विषारी काही पोटात गेलं तर ते बाहेर टाकता यावं म्हणून ही सोय आहे. सुजेमुळे खबर रोजच जात राहते. उलटी व्हावी इतकी जोरदार नसते, पण त्या केंद्राला शांतही बसू देत नाही. अशा वेळी साधा चहाचा वास, तव्यावरच्या तेलाचा धूर, गाडीतला हेलकावा पुरतो. सकाळी हे जास्त जाणवतं, कारण रात्रभर रिकाम्या जठरात ॲसिड साचलेलं असतं.

आता अर्धी भाकरी. रिकामं जठर आकसलेलं असतं, त्यात जेमतेम अर्धा पेला मावेल इतकीच जागा असते. पण पहिला घास गिळला की त्याचा वरचा घुमट व्हेगसच्या हुकमानं आपोआप सैल पडतो आणि लिटर-दीड लिटर अन्नपाणी आत गेलं तरी आतला दाब फारसा वाढत नाही. पोटभर जेवूनही आपल्याला सुखाची तृप्ती येते, ती या सैल पडण्यामुळे. सुजलेल्या जठरात काही जणांमध्ये हा घुमट पुरेसा सैल पडत नाही, काहींमध्ये अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. हे मोजून पाहिलं तर प्रत्येकात सापडत नाही. भिंतीतल्या ताणाची खबर देणाऱ्या नसा मात्र हळव्या होतात: एरवी दोन भाकऱ्यांनंतर जो ताण मेंदूला कळला असता, तो अर्ध्या भाकरीलाच ‘बास’ म्हणून कळतो. शिवाय भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठराच्या अस्तरातच बनतं. जुन्या सुजेत त्या पेशी घटतात, म्हणून ताटावर बसतानाच भूक अर्धी असते. तुमचं जठर लहान झालेलं नाही. जठर ‘आकसलं’ म्हणून मुद्दाम ताणून जास्त खाण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तो सोडून द्या.

एवढं कळल्यावर ॲसिडिटीच्या गोळीचं वागणं आपोआप उलगडतं. पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल ॲसिड थांबवतं, त्यामुळे रात्रीचं कुरतडणं कमी होतं. पण पांढऱ्या पेशी भिंतीतच आहेत, जंतू बुळबुळीतच आहे. गोळी सोडली की आठवड्याभरात सगळं पूर्वपदावर. तुम्ही नीट आठवून पाहिलंत तर गोळी चालू असतानाही अर्ध्या भाकरीची अडचण बरीचशी तशीच राहिली असेल.

सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीतही माझा पहिला संशय याच गोळीवर आहे. ॲसिड थांबलं की जंतूंची संख्या घटते, जठराच्या खालच्या भागातले जंतू वरच्या भागाकडे सरकतात आणि शौचात उतरणारे त्यांचे अंश इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. नियम असा आहे: शौचातली अँटिजेनची किंवा श्वासाची तपासणी करायची तर ॲसिड थांबवणारी गोळी आधी दोन आठवडे बंद हवी आणि कुठलंही ॲंटिबायोटिक चार आठवडे. लॅबमध्ये हे सहसा कुणी विचारत नाही, आणि मेडिकलमधून आणलेली गोळी ‘औषध’ म्हणून सांगायचं आपल्याही लक्षात येत नाही. रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासणीच्या नादी लागू नका. जंतू गेल्यावरही अँटिबॉडी महिनोन्महिने, कधी वर्षंसुद्धा राहतात, त्यामुळे तो आज आहे की नाही हे त्यातून कळत नाही.

आता त्या ढीगभर गोळ्या. कागद तुमच्या हातात आहे, त्यामुळे नेमकी कोणती औषधं दिलीत ते मला इथून सांगता येणार नाही. बहुधा एक ॲसिड थांबवणारी गोळी आणि दोन ॲंटिबायोटिक्स असतील, सोबत बिस्मथही असू शकेल. एकाच ॲंटिबायोटिकनं हा जंतू जात नाही. तो बुळबुळीखाली दडलेला असतो, तिथं औषध तुटपुंजं पोहोचतं आणि आपल्याकडे काही ॲंटिबायोटिक्सना तो सरावलेलाही आहे. ॲसिडची गोळी यात नुसती दुखणं थांबवायला दिलेली नसते. ॲसिड कमी झालं की ॲंटिबायोटिक टिकतं, आणि सुस्त बसलेला जंतू जागा होऊन वाढू पाहतो. यातली महत्त्वाची ॲंटिबायोटिक्स नेमकी अशाच, वाढत्या जंतूला चांगली मारतात. म्हणून ती गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी अर्धा तास, न चुकता घ्यायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडाला धातूची चव येईल, पोट थोडं सैल होईल. दुखणं कमी झालेलं असेल, आणि नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण गोळ्या सोडतात. अर्धवट सोडल्या तर उरलेले जंतू औषधाला सरावलेले असतात आणि पुढच्या खेपेला तीच औषधं चालत नाहीत. बिस्मथ असेल तर शौच काळं होईल, त्याला घाबरू नका. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू वर्ज्य. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, कारण यात पेनिसिलिनच्याच कुळातलं अमोक्सिसिलिन असण्याची शक्यता मोठी आहे.

बिस्मथ न घेताही डांबरासारखं काळं, चिकट शौच झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरायला लागलं, तर गोळ्या संपायची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चौदा दिवस पुरे झाल्यावर किमान चार आठवडे थांबून जंतू गेला की नाही हे तपासून घ्यायचं. आपल्याकडे ही पायरी हमखास गळते. श्वासाची तपासणी तुमच्याजवळ होत नसेल तर शौचातली अँटिजेन तपासणी चालेल, फक्त या खेपेला ॲसिडची गोळी दोन आठवडे बंद ठेवून. त्या काळात जळजळ झालीच तर साधं पातळ अँटासिड घ्यायला हरकत नाही. घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करून तपासायची गरज नाही. कुणाला तुमच्यासारखाच त्रास असेल किंवा घराण्यात जठराचा कॅन्सर झालेला असेल, तर त्यांनी जरूर तपासून घ्यावं.

बरं कधी वाटेल, हेही विचाराल म्हणून सांगते. रात्रीचं दुखणं पहिल्या काही दिवसांत उतरतं, ते मुख्यतः ॲसिड थांबल्यामुळे. जंतू गेल्यावर नव्यानं आलेल्या पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत निघून जातात, पण जुनी सूज पूर्ण ओसरायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. मळमळ आणि गच्चपणा त्या मानानं उशिरा सुटतात. आणि एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी: अल्सर नसलेल्या, पण पोटाची अशी तक्रार असलेल्या सगळ्यांना जंतू घालवून आराम पडत नाही. बारा-चौदा जणांवर उपचार केले तर त्यातल्या एकाला निव्वळ जंतू गेल्यामुळे फरक पडतो. बाकीच्यांपैकी काही आपोआप सुधारतात, काहींचा त्रास राहतो. तरीही उपचार करायचे, कारण पुढे अल्सर आणि जठराचा कॅन्सर होण्याचा धोका त्यानं कमी होतो.

तेव्हा तपासणीत जंतू गेलेला दिसला आणि सहा महिन्यांनीही अर्ध्या भाकरीतच पोट भरत असेल, तर पुन्हा ॲंटिबायोटिक्स मागू नका. तुमच्या पोटात जंतू होता, पण त्रासाचा धनी तो नव्हता, असा त्याचा अर्थ. घुमट सैल करणारी आणि हळव्या झालेल्या नसा शांत करणारी औषधं वेगळी असतात. त्यासाठी दुर्बिणीचा रिपोर्ट आणि नंतरची तपासणी, असे दोन्ही कागद घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा.